छत्तीस वाट्यांचा हिशेब

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. हळदीकुंकवाचं वाण घ्यायला घरोघरच्या बायका येतात, तशी महिला मंडळंही येतात आणि मंडळाची खरेदी डझनांच्या हिशेबाने होते. एक जण फळीवरून माल काढून देतो, दुसरा चिठ्ठीवर आकडे टिपतो, तिसरा गल्ल्यापाशी बसून संगणकावर बिल करतो. माल मोजणारा आणि बिल करणारा अशी दोन वेगळी माणसं असली की मधल्या चिठ्ठीवर सगळा भरवसा येतो. चिठ्ठीवरचा ‘४’ हा चार नगांचा, चार पाकिटांचा की चार डझनांचा, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. वाचणाऱ्याला असतंच असं नाही.

अशी चूक घरी गेल्यावर लक्षात आली तर बहुतेक लोक दुकानात जाऊन तोंडी सांगतात. गर्दी असते, मालक जागेवर नसतो, ‘नंतर या’ असं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच राहतो. घरच्या खरेदीत माणूस ते सोडून देतोही. मंडळाच्या खजिनदार बाईंना तसं सोडता येत नाही, कारण तो पैसा वर्गणीचा असतो आणि सभेत बिल दाखवावं लागतं. अशा वेळी एक पानाचं पत्र फार उपयोगी पडतं, मात्र ते नीट लिहिलेलं हवं. ते कसं लिहावं हे एका खरेदीवरूनच पाहू. यातले आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. चुका मात्र दुकानांत नेहमी होतात त्याच आहेत.

मंडळाने चार प्रकारचा माल घेतला. मोठ्या वाट्या बारा डझन हव्या होत्या, पण त्या मापाच्या नऊ डझनच निघाल्या. मग उरलेल्या तीन डझनांच्या जागी लहान वाट्या घेतल्या. शिवाय छोट्या ताटल्यांची सहा-सहाची चार पाकिटं आणि हळदीकुंकवाचे तीस करंडे. बिल असं आलं :

मोठी वाटी – १४४ नग, दर ३० रुपये – ४,३२० रुपये
लहान वाटी – ३६ नग, दर २५ रुपये – ९०० रुपये
छोटी ताटली – ४८ नग, दर १५ रुपये – ७२० रुपये
करंडा – २४ नग, दर ४० रुपये – ९६० रुपये
बेरीज ६,९०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ३४५ रुपये, एकूण ७,२४५ रुपये

बेरीज बरोबर आहे, गुणाकार बरोबर आहेत, करही बरोबर आहे. (स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.) संगणकाचं बिल असल्यामुळे हिशेब चुकणार नाही असं वाटतं आणि तिथेच नजर फसते. संगणक बेरजेत चुकत नाही. पण त्याला दिलेला नगांचा आकडा चुकलेला असेल तर तो तीच चूक अगदी शिस्तीत पुढे नेतो. म्हणून बिल तपासताना खालच्या बेरजेपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. वरून एकेक ओळ घ्यायची, समोर तो माल ठेवायचा आणि मोजायचं.

मोजल्यावर काय निघालं? मोठ्या वाट्या १०८ आल्या, बिलात १४४ आहेत. लहान वाट्या ३६, बिलाप्रमाणेच. ताटल्या २४ आल्या, बिलात ४८. आणि करंडे आले ३०, बिलात मात्र २४.

इथे जरा थांबायला हवं, कारण फरकाच्या आकड्यावरून चूक कुठे झाली ते बरेचदा कळतं आणि ते कळलं की पत्र निम्मं लिहून होतं. मोठ्या वाट्यांमध्ये ३६ चा फरक आहे आणि बिलात खालच्याच ओळीत ३६ हा आकडा उभा आहे. म्हणजे बदली दिलेला माल बिलात चढला, पण ज्याच्या बदली तो दिला त्यातून वजा झाला नाही. ताटल्यांच्या बाबतीत बिलातला आकडा बरोबर दुप्पट आहे. दुप्पट आकडा दिसला की दोन शक्यता असतात : एक तर तीच वस्तू दोनदा नोंदली गेली, किंवा सहाचं पाकीट डझनाचं समजलं गेलं. दोनदा नोंदली असती तर बहुधा बिलात तशी ओळ दोनदा आली असती. इथे एकच ओळ आहे, तेव्हा चिठ्ठीवरच्या ‘४’ चे चार डझन झाले हे उघड आहे. करंड्यांचं कारण असं सांगता येत नाही. दोन डझन बांधलेले आणि वरचे सहा सुटे, असा माल असेल तर सुटे सहा नोंदायचे राहिले असावेत. पण तो अंदाज झाला आणि पत्रात अंदाज लिहायचा नसतो.

मोजणीची वेळ फार महत्त्वाची. वाण वाटून झाल्यावर वाट्या गावभर जातात. मग १०८ आल्या होत्या हे दाखवणार कसं? त्यानंतर केलेली तक्रार म्हणजे एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द. म्हणून पाकिटं फोडण्याआधी, शक्य तर दोघींनी मिळून मोजावं आणि माल ओळीने मांडून एक फोटो काढावा. त्यात पाकिटावरचं लेबल आणि आतले नग दोन्ही दिसावेत. दुकानात दिलेली हाताने लिहिलेली चिठ्ठी सापडली तर तिच्याइतका चांगला पुरावा नाही, कारण ती दुकानातल्याच माणसाच्या अक्षरातली असते. बिलाची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. बरीच दुकानं उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर बिल देतात आणि तो कागद उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की काही महिन्यांत कोरा पडतो.

आता रक्कम. मोठ्या वाट्यांचे ३६ नग जास्त, दर ३०, म्हणजे १,०८० रुपये. ताटल्यांचे २४ नग जास्त, दर १५, म्हणजे ३६० रुपये. दोन्ही मिळून १,४४० रुपये मंडळाकडून जादा गेले. करंड्यांचे ६ नग कमी लागले, दर ४०, म्हणजे २४० रुपये मंडळाने द्यायचे राहिले. वजा जाता १,२०० रुपये. त्यावरचा ५ टक्के कर ६० रुपये. दुकानाकडून येणं आहे ते १,२६० रुपये. हा कर पुष्कळ जण धरायचा विसरतात. नग जास्त लागले तर त्यांच्यावरचा करही जास्त गेलेला असतो आणि तोही परत यायला हवा. दर करासहित असतील, म्हणजे बिलात कर वर वेगळा लावलेला नसेल, तर मात्र तो पुन्हा मिळवायचा नाही.

करंड्यांची ओळ पत्रात लिहावी का, असा प्रश्न सभेत हमखास येतो. ‘त्यांच्या लक्षात आलं नाही, आपण कशाला सांगा?’ माझं मत स्पष्ट आहे : लिहायलाच हवी. नियमाने ते पैसे दुकानाचे आहेत, हे पहिलं कारण. दुसरं कारण व्यवहाराचं. पत्र हातात पडलं की दुकानदार आपला साठा तपासणार आणि करंड्यांचे सहा नग कमी आहेत हे त्याला दिसणार. आपण फक्त आपल्या फायद्याच्या चुका सांगितल्या असं त्याला आढळलं तर उरलेल्या दोन ओळींवरही तो शंका घेईल. उलट पत्रात दोन्ही बाजूंचा हिशेब असला की ते पत्र तक्रार राहत नाही, ताळमेळ होतो. बऱ्याच बिलांच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ छापलेलं असतं. चूक निघाली तर देणं आणि घेणं दोन्ही होईल, हे दुकानानेच कबूल केलेलं आहे. पत्राने त्याच कबुलीचा आधार घ्यायचा.

पत्र असं होईल :

प्रति,
मालक,
(दुकानाचे नाव व पत्ता)

विषय : बिल क्र. ४१७, दि. १० जानेवारी – नगांच्या मोजणीतील चूक दुरुस्त होणेबाबत

स. न. वि. वि.

आमच्या महिला मंडळाने दि. १० जानेवारी रोजी आपल्या दुकानातून हळदीकुंकवाच्या वाणासाठी भांडी घेतली. बिलाची रक्कम ७,२४५ रुपये त्याच दिवशी यूपीआयने दिली असून व्यवहाराचा क्रमांक सोबतच्या प्रतीवर आहे. त्याच संध्याकाळी आम्ही दोन सदस्यांनी माल मोजला असता बिल व माल यांत पुढील फरक आढळला.

१. मोठी वाटी : बिलात १४४ नग, मिळाले १०८ नग. ३६ मोठ्या वाट्या शिल्लक नसल्याने त्याऐवजी ३६ लहान वाट्या दिल्या होत्या. लहान वाट्या बिलात आल्या आहेत, परंतु मोठ्या वाट्यांतून ३६ वजा झालेल्या नाहीत. जादा रक्कम १,०८० रुपये.
२. छोटी ताटली : बिलात ४८ नग, मिळाले २४ नग (प्रत्येकी ६ नगांची ४ पाकिटे). जादा रक्कम ३६० रुपये.
३. करंडा : बिलात २४ नग, मिळाले ३० नग. आमच्याकडून येणे २४० रुपये.

लहान वाट्यांची नोंद बरोबर आहे. वरील हिशेबाप्रमाणे निव्वळ १,२०० रुपये व त्यावरील ५ टक्के जीएसटी ६० रुपये, असे एकूण १,२६० रुपये मंडळाला परत मिळणे आहे.

माल अद्याप वाटलेला नाही. दि. १८ जानेवारीपर्यंत आपण किंवा आपला माणूस येऊन तो मोजून पाहू शकता. आपणही दुकानातील मोठ्या वाट्या व ताटल्या यांची शिल्लक संगणकातील नोंदीशी ताडून पाहावी, ही विनंती.

कृपया बिलाची रीतसर दुरुस्ती करून त्याचा कागद आम्हाला द्यावा व १,२६० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात दि. २५ जानेवारीपर्यंत परत करावेत. मंडळाच्या हिशेबतपासणीसाठी दुरुस्तीचा कागद आवश्यक आहे.

कळावे,
(सही)
खजिनदार
(मंडळाचे नाव, फोन)

सोबत : बिलाची प्रत, चिठ्ठीची प्रत, मालाचे फोटो.

या पत्रात काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. ‘फसवणूक’ हा शब्द नाही, आणि ज्या मुलाने माल काढून दिला त्याचं नावही नाही. मोजणीत चूक झाली एवढंच आपल्याला माहीत असतं. हेतू माहीत नसतो. शिवाय नाव घेतलं की मालक आकडे बघायच्या आधी आपल्या माणसाची बाजू सावरायला लागतो. बरोबर असलेल्या ओळीचा उल्लेख मात्र मुद्दाम केला आहे. चार ओळींपैकी तीनच लिहिल्या तर चौथीचं काय, हा प्रश्न उरतो आणि त्यासाठी पुन्हा एक फेरी पडते.

पत्रातलं माझ्या मते सगळ्यात कामाचं वाक्य साठा ताडून पाहण्याचं आहे. ज्या दुकानात संगणकावर बिलं होतात तिथे विकलेला माल साठ्यातून आपोआप वजा होत असतो. बिलात ३६ वाट्या जास्त लागल्या असतील, तर संगणकातली शिल्लक प्रत्यक्षापेक्षा ३६ ने कमी दिसणार. या खरेदीत तर नऊ डझनांवर त्या वाट्या संपल्याच होत्या. तेव्हा १४४ नग विकल्यावर संगणकात शिल्लक शून्याखाली, उणे ३६ दिसत असण्याचीच शक्यता जास्त. नसलेला माल विकला गेला असं दुकानाचं स्वतःचं दप्तर सांगत असेल तर वादाला जागा राहत नाही. ताटल्यांच्या बाबतीत फळीवर २४ नग जास्त निघतील. ही तपासणी लवकर व्हायला हवी. पुढचा माल येऊन त्यात मिसळला, मधल्या काळात आणखी चार बिलं चुकली, की हा ताळा हाती लागत नाही. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रणही ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. जिथे संगणकात साठ्याची नोंदच ठेवत नाहीत अशा छोट्या दुकानात ही वाट बंद असते. तिथे चिठ्ठी आणि न वाटलेला माल यांवरच भिस्त.

पत्र दोन प्रतींत न्यावं. एक द्यावी, दुसरीवर ‘पोच’ म्हणून सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. मूळ बिल देऊ नये, नुसतं दाखवावं. दुकान लांब असेल किंवा पोच द्यायला टाळाटाळ झाली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो पाठवणं सोयीचं आहे, पण तेवढ्यावर भागवू नये.

बहुतेक ठिकाणी पत्र वाचून मालक लगेच म्हणतो, ‘आणा ते बिल, आकडा खोडून दुरुस्त करून देतो.’ मन चांगलं असतं, पण हे घेऊ नये. आपल्या प्रतीवर पेनाने १०८ झाले तरी दुकानाच्या संगणकात १४४ च राहतात. मंडळाच्या हिशेबतपासनीसासमोर खाडाखोड केलेलं बिल ठेवायचं ते वेगळंच. जीएसटीच्या कायद्यात यासाठी सोय आहे. दिलेल्या बिलात रक्कम किंवा कर जास्त लागला असेल तर कलम ३४ प्रमाणे विक्रेता क्रेडिट नोट देतो. तिच्यावर तिचा स्वतःचा क्रमांक, तारीख आणि मूळ बिलाचा संदर्भ असतो. कमी लागलेल्या करंड्यांसाठी याच कलमात डेबिट नोट आहे. इथे क्रेडिट नोट कर धरून १,५१२ रुपयांची, डेबिट नोट २५२ रुपयांची आणि फरक तोच, १,२६० रुपयांचा. यात दुकानदाराचंही हित आहे. त्याने ३४५ रुपये कर दाखवला आहे. कागद न करता नुसते पैसे परत दिले तर त्यातले ६० रुपये त्याच्या खिशातून जातात. क्रेडिट नोटचा हिशेब विवरणपत्रात दाखवून तो कर कमी करून घेता येतो. त्याला मुदत आहे : ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरलं तर तोपर्यंतच.

सगळ्या दुकानांना हे लागू नाही. कंपोझिशन योजनेतला दुकानदार ग्राहकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. त्याच्या बिलात कराची ओळ नसते. जीएसटीची नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदाराचंही तसंच. तिथे फक्त मालाची किंमत परत मागायची आणि दुरुस्तीची सही-शिक्क्याची पावती घ्यायची.

‘पुढच्या खरेदीत वळते करू’ असंही सांगितलं जातं. महिन्याच्या उधारीवर किराणा घेणाऱ्या घराला हे चालतं. वहीत तेवढी रक्कम जमा लिहून घेतली की झालं. मंडळाची पुढची खरेदी वर्षाने असते आणि तोवर खजिनदार बदललेल्या असतात, म्हणून पैसे परतच मागावेत. बिल अजून चुकतं केलेलं नसेल तर गोष्ट सोपी आहे. सगळं अडवून धरायचं नाही. बरोबर हिशेबाने होणारे ५,९८५ रुपये वेळेवर द्यायचे आणि उरलेल्या १,२६० रुपयांबद्दल हेच पत्र जोडायचं. मान्य असलेली रक्कम चुकती केली की आपण पैसे बुडवतोय असं कुणाला म्हणता येत नाही.

काही दुकानदार बिलावर छापलेल्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवतात. त्या ओळीचा इथे काही संबंध नाही. मंडळ काहीच परत करत नाहीये. जो माल मिळालाच नाही त्याचे पैसे मागतंय. हे शांतपणे एवढ्याच शब्दांत सांगावं.

तरीही उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिल, पत्र आणि पोच या तीन कागदांवरच सगळं उभं राहतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यक्तींच्या समूहालाही, तो नोंदणीकृत असो वा नसो, तक्रार करता येते, आणि वाण हे विक्रीसाठी घेतलेलं नसल्यामुळे मंडळ ग्राहकच ठरतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगाचं शुल्क नाही. १,२६० रुपयांसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. आली तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पहिल्या पत्राची पोच तोपर्यंत जपून ठेवावी लागते.